अर्धवर्तुळातील कोन

अर्धवर्तुळातील कोन : वर्तुळाच्या व्यासाची दोन्ही टोके परिघावरील तिसऱ्या एखाद्या बिंदूस सरळ रेषांनी जोडली असता त्या बिंदूपाशी जो कोन होतो, त्यास अर्धवर्तुळातील कोन म्हणतात. तिसरा बिंदू परिघावर कोठेही घेतला, तरी हा कोन काटकोनच असतो. थेलीझ (इ. स. पू. सहावे शतक) या ग्रीक तत्त्वज्ञांच्या नावाने हे प्रमेय ओळखले जाते. मात्र त्यास आधार आहे तो इ. स. तिसऱ्या शतकातील डायोजीनीझ लेअर्शियस यांच्या चरित्रग्रंथाचा. पँफिला या लेखिकेच्या हवाल्याने ते थेलीझ यांना श्रेय देतात आणि काही जण ते पायथॅगोरस यांना देतात, असेही तेथेच नमूद करतात. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या ‘एलेमेंट्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात हे ३१ वे साध्य आहे.

सिद्धता : म हा वर्तुळमध्य, कख हा व्यास आणि ग हा परिघावरील कोणताही तिसरा बिंदू आहे, असे मानू. मग ही त्रिज्या काढली की कगख या त्रिकोणाचे दोन भाग पडतात. मक व मग या एकाच वर्तुळाच्या त्रिज्या असल्याने मकग हा त्रिकोण समद्विभुज होय. म्हणून त्याचे क व ग येथील कोन समान असतात. त्यांपैकी प्रत्येकास अ म्हणू. त्याचप्रमाणे मखग हा त्रिकोणही समद्विभुज असून त्याचे ख व ग येथील कोन समान असतात. त्यांपैकी प्रत्येकास ब म्हणू. आता कगख या मोठ्या त्रिकोणाचे तीन कोन अनुक्रमे अ, ब आणि अ + ब असे झाले. त्यांची बेरीज १८०° असल्याने २(अ + ब) = १८०° आणि अ + ब = ९०°. परंतु अ + ब हाच ग येथील कोन असल्याने तो काटकोन आहे.

या सिद्धतेतील खरी युक्ती म्हणजे ग पासून काढलेली त्रिज्या होय. व्यासाऐवजी कोणतीही जीवा घेतली, तरी ती तशीच उपयोगी पडते.

केंद्रीय कोन : कख ही जीवा व्यास नाही असे समजून गम ही रेषा पलीकडे परिघास घ या बिंदूत मिळेपर्यंत वाढवावी. मकग या समद्विभुज त्रिकोणाचा म येथील बाह्यकोन कमघ हा २अ एवढा असतो आणि त्याचप्रमाणे घमख हा कोन २ब एवढा असतो. म हा कगख या कोनाच्या आत असेल, तर या दोहोंची बेरीज घ्यावयाची. म्हणजे केंद्रीय कोन कमख हा परिघावरील कोन कगख याच्या दुप्पट होतो. परंतु ग हा परिघावरून एका टोकाकडे सरकू लागला की म हा कोनाच्या एका भुजेवर येतो व नंतर कोनाच्या बाहेर जातो. तेव्हा बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते. निष्कर्ष तोच राहतो, पण केवळ पहिली आकृती काढून दिलेली सिद्धता अपुरी ठरते.

परिघावरील प्रत्येक कोन असा एकाच केंद्रीय कोनाच्या निम्मा असल्याने एकाच वर्तुळखंडातील सर्व कोन समान असतात. केंद्रीय कोन १००° असेल, तर जीवेच्या एका बाजूस मोठ्या कंसावरील प्रत्येक कोन ५०° होतो. दुसऱ्या बाजूस केंद्रापाशी उरलेले २६०° मोजावे लागतात, म्हणून तेथील कोन १३०° होतो. दोहोंची बेरीज १८०° होते. चक्रीय चौकोनाचे समोरासमोरील कोन परस्परांचे पूरक असतात ते याच कारणाने. जीवा व्यास झाली की दोन्ही बाजूंचे कोन ९०° होतात. अर्धवर्तुळातील कोन हा या नियमाचा मधला टप्पा होय.

स्पर्शिका व जीवा : क येथील स्पर्शिका, कख ही जीवा आणि कघ हा व्यास घ्यावा. कखघ हा काटकोन असल्याने खकघ आणि कघख या कोनांची बेरीज ९०° आहे. स्पर्शिका व्यासास लंब असल्याने तिचा जीवेशी होणारा लघुकोन व खकघ यांचीही बेरीज ९०° होते. म्हणून स्पर्शिका व जीवा यांमधील कोन हा कघख या कोनाएवढा, आणि पर्यायाने त्या विरुद्ध वर्तुळखंडातील प्रत्येक कोनाएवढा असतो. यूक्लिड यांनीही ३२ वे साध्य ३१ व्याच्याच आधारे सिद्ध केले आहे.

व्यत्यास : कगख हा काटकोन असेल, तर ग हा कख या व्यासावरील वर्तुळाच्या परिघावर असतो. हे विधान मूळ प्रमेयातून आपोआप येत नाही. ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. ग वर्तुळाच्या आत असेल, तर मग ही रेषा परिघावरील च पर्यंत वाढवावी. ग हा कचख या त्रिकोणाच्या आत येतो, म्हणून त्यापाशी होणारा कोन च येथील काटकोनापेक्षा मोठा असतो. ग बाहेर असेल, तर मग ही रेषा परिघास च येथे छेदते, च हा कगख या त्रिकोणाच्या आत येतो आणि ग येथील कोन काटकोनापेक्षा लहान ठरतो. म्हणून काटकोन फक्त परिघावरच संभवतो.

उदाहरण : ५ सेंमी. त्रिज्येच्या वर्तुळाच्या मध्यापासून (म) १३ सेंमी. अंतरावरील प या बिंदूतून स्पर्शिका काढावयाच्या आहेत. मप या रेषाखंडाचा मध्य घेऊन ६·५ सेंमी. त्रिज्येचे वर्तुळ काढावे. ते मूळ वर्तुळास त व थ या बिंदूंत छेदते. मतप हा अर्धवर्तुळातील कोन असल्याने काटकोन आहे. मत ही त्रिज्या असल्याने पत ही स्पर्शिका होय. तिची लांबी १६९ − २५ = १४४ या संख्येच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १२ सेंमी. येते. मतपथ हा चौकोन चक्रीय असल्याने त्याचे प व म येथील कोन पूरक असतात. ते अनुक्रमे सु. ४५° १४′ आणि १३४° ४६′ आहेत. पत व पथ समान असल्याने पतथ हा कोन ४५° १४′ च्या पूरक कोनाच्या निम्मा, म्हणजे ६७° २३′ होतो. मूळ वर्तुळाच्या मोठ्या कंसावरून तथ या जीवेशी होणारा कोनही १३४° ४६′ च्या निम्मा, म्हणजे तेवढाच आहे. दोन वेगळ्या प्रमेयांनी मिळालेली उत्तरे अशी जुळली की रचना बरोबर असल्याचा पडताळा मिळतो. यूक्लिड यांनी स्पर्शिकेची रचना १७ व्या साध्यात, म्हणजे या प्रमेयाच्या आधी दिली असल्याने तेथे त्यांना समकेंद्री वर्तुळाची निराळी रीत योजावी लागली.

मर्यादा : सिद्धतेतील निर्णायक आधार म्हणजे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° असणे हा होय आणि तो समांतर रेषांच्या गृहीतकावर अवलंबून आहे. गोलाच्या पृष्ठावर ही बेरीज १८०° पेक्षा अधिक असते, म्हणून तेथे प्रमेय टिकत नाही. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुव हा मध्य आणि विषुववृत्त हे वर्तुळ मानले, तर ‘त्रिज्या’ म्हणजे रेखावृत्ते होत. ती सर्व विषुववृत्तास लंब असल्याने दोन्ही समद्विभुज त्रिकोणांचे पायाचे कोन ९०° होतात. अ + ब याचे मूल्य तेथे १८०° होते आणि अर्धवर्तुळातील ‘कोन’ सरळ कोन बनतो. त्रिज्या समान असणे हा सिद्धतेचा भाग गोलावरही खरा राहतो. काटकोन मिळतो तो मात्र प्रतल सपाट असल्यामुळेच.