फोटोतला पट कोणत्या खेळाचा?

कलकत्त्याच्या उत्तरेस गंगेच्या काठी बागबाजार म्हणून जुनी वस्ती आहे. मराठी माणसाला तेथे थोडे संकोचूनच जावे लागते. कारण 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी जो खंदक खणावयास घेतला, त्याचे उत्तरेकडील टोक या भागात होते आणि ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली आजही त्याची आठवण देते. त्या वस्तीत माझे एक बंगाली स्नेही राहतात. मी दारात दिसलो की ‘बर्गी आले, बर्गी आले’ असा गजर करून ते माझे स्वागत करतात.

गेल्या खेपेस गेलो तेव्हा स्वारी एका विवंचनेत होती. त्यांच्या पाड्यात, म्हणजे आळीत, जुन्या घरगुती फोटोंचे एक लहानसे प्रदर्शन भरावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आपल्या आजीचा एक फोटो काढून ठेवला होता. वरच्या मजल्यावरील व्हरांड्यात चटई अंथरलेली, तीवर दोन स्त्रिया समोरासमोर बसलेल्या, मध्ये कापडाचा एक पट आणि त्यावर सोंगट्या. मागच्या बाजूस पेन्सिलीने ‘आश्विन 1338’ एवढेच लिहिलेले. हा आकडा बंगाली सनाचा. त्यात 593 मिळविले की इसवी सनाचे 1931 साल येते. फोटोखाली लावावयाची चिठ्ठीही त्यांनी तयार ठेवली होती : ‘आजीमा लूडो खेळताना.’

स्नेह्यांच्या आत्या, ज्यांना घरात सारे पिशीमा म्हणतात, त्या चिठ्ठीवर रुष्ट झाल्या होत्या. “माझी आई लूडो कधीच खेळली नाही, ती पाशा खेळत असे,” असे त्यांचे म्हणणे. पुतण्याला हे पटत नव्हते. पाशा म्हणजे फाशांचा खेळ, तो पुरुषांचा आणि जुगाराचा. घरंदाज आजी तो कशी खेळेल? तुम्ही ‘सारीपाटवाले’ लोक, तुम्हीच निवाडा करा, असे म्हणून त्यांनी फोटो आणि एक भिंग माझ्या हाती दिले.

अशा वेळी पहिला मोह होतो तो साल पाहून निकाल देण्याचा. पण सालाने येथे काही भागत नव्हते. लूडोचे एकस्व इंग्लंडमध्ये 1896 साली घेतले गेले. तेव्हा 1931 साली कलकत्त्यात लूडो असणे अगदी शक्य होते. शिवाय लूडो हा आपल्या पचिशीचाच इंग्रजी अवतार असल्यामुळे दोहोंचा चेहरामोहरा सारखा. दोन्ही पट अधिक चिन्हासारखे, दोन्हीत चार फाटे, प्रत्येक फाट्यात घरांच्या तीन ओळी. दुरून पाहणाऱ्याची फसगत व्हावी अशीच ही रचना आहे.

फरक आहे तो घरांच्या संख्येत. सारीपाट किंवा पचिशी यांच्या पटात प्रत्येक ओळीत आठ घरे असतात, म्हणजे एका फाट्यात 24 आणि चार फाट्यांत मिळून 96. लूडोच्या ओळीत घरे सहाच. एका फाट्यात 18, एकंदर 72. म्हणून फोटोत सबंध पट दिसण्याची गरज नाही. एका फाट्याची एक कड मधल्या चौकापासून टोकापर्यंत स्वच्छ दिसली तरी पुरे. मात्र फाटा लांब दिसतो की आखूड, यावरून काही ठरवू नये. कॅमेऱ्याच्या तिरप्या नजरेत लांबी आखडते. घरांची संख्या मात्र आखडत नाही.

माझ्या स्नेह्यांनी मोजणी केलीच होती, आणि त्यांचा आकडा आला होता सात! सात घरांची ओळ ना इकडची ना तिकडची. तेव्हा एक घर वाढले असेल, मुळात ती सहाच असावीत, असे म्हणून त्यांनी लूडोच्या बाजूने कौल दिला होता. भिंग लावून मी तीच कड पाहिली. तिसरे घर शेजारच्या घरांच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसत होते आणि त्याच्या मधोमध कापडाला चुणी पडली होती. चुणीने एक रेघ गिळली होती. त्याच फाट्याची पलीकडची कड मोजली, तेथे चुणी नव्हती. घरे भरली बरोबर आठ. कापडी पटाची मोजणी नेहमी दोन्ही कडांनी करावी. आणखी एक खूण अशी की, लूडोच्या पुठ्ठ्याचे चारही कोपरे सोंगट्यांच्या मोठ्या रंगीत घरांनी भरलेले असतात. येथे कापड मुळातच फुलीच्या आकाराचे शिवलेले होते आणि फाट्यांच्या मधून चटईची वीण दिसत होती. लूडोचा प्रश्न येथे संपला.

पण त्यामुळे पिशीमांचे म्हणणे सिद्ध झाले असे नव्हे. आठ घरांच्या त्याच पटावर दोन खेळ चालतात : कवड्यांनी खेळतात ती पचिशी आणि लांब फाशांनी खेळतात तो सारीपाट, हिंदीत चौपड आणि बंगालीत पाशा. पचिशीच्या पटावर बारा घरांत फुल्या असतात. प्रत्येक फाट्यात मधल्या ओळीच्या टोकाला एक आणि कडेच्या दोन्ही ओळींत टोकापासून चौथ्या घरात एकेक. या घरांत बसलेली सोंगटी मारता येत नाही. फुल्यांची ही जागा मनास येईल तशी निवडलेली नाही. मधल्या चौकातून निघालेली सोंगटी मधल्या ओळीने आठ घरे उतरते, वळून कडेने आठ घरे चढते, पुढच्या फाट्याच्या कडेने आठ उतरते आणि पंचविसाव्या घराला त्या फाट्याच्या टोकावरील फुलीत सुखरूप बसते. ज्या पंचवीसच्या दानावरून खेळाला पचिशी हे नाव मिळाले, त्या दानाचे मोल हे असे आहे.

फोटोतल्या पटावर फुल्या भरलेल्या होत्या. स्नेही उत्साहाने म्हणाले, “म्हणजे पचिशीच!” येथेच पुष्कळांचे चुकते. निव्वळ सारीपाटासाठी केलेला पट बहुधा कोरा असतो हे खरे. पण एकदा मेहनतीने भरलेला पट घरात असला म्हणजे त्यावर दोन्ही खेळ होतात. फाशांनी खेळणारे फुल्यांकडे लक्ष देत नाहीत, इतकेच. म्हणून फुल्या नसल्या तर सारीपाटाचा संशय घ्यावा. फुल्या असल्या तर मात्र काहीच ठरत नाही. निर्णय द्यावयाचा तो हातातून काय पडले आहे हे पाहून.

त्याआधी सोंगट्यांचा एक घोटाळा सोडवावा लागला. फोटोत अकरा सोंगट्या दिसत होत्या. सहा काळ्याभोर आणि पाच फिकट. स्नेह्यांना त्यात दोनच रंग दिसले. चार रंग नाहीत मग हा खेळ बुद्धिबळासारखा दोन पक्षांचा असला पाहिजे, ही त्यांची शंका. मी त्यांना आजीच्या कपाळाकडे पाहावयास सांगितले. सिंदूराचा टिळा केसांइतकाच काळा उमटला होता. त्या काळच्या पुष्कळ फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. तांबडे ते सारे त्यांना काळेच दिसे. तेव्हा फोटोतली काळी सोंगटी काळी असेल किंवा लालही असेल. आणि सारीपाटात असो वा पचिशीत, एका रंगाच्या सोंगट्या चारच असतात. चार रंगांच्या मिळून सोळा. ‘काळ्या’ सोंगट्या सहा दिसतात याचा अर्थ त्यांत निदान दोन रंग आहेतच. दोघेच खेळत असले म्हणजे प्रत्येकाने दोन दोन रंग घ्यावयाचे ही रीतही आहे. जुन्या फोटोत प्रथम ओळखीचा रंग शोधावा, कुंकू, पदराचा काठ, झाडाचे पान, आणि तो कसा उमटला आहे हे पाहून मगच सोंगट्यांचे रंग बोलावेत.

आता फासे. पटावर किंवा पटाजवळ कवडी एकही दिसेना. पचिशीत त्या सहा किंवा सात लागतात आणि पांढऱ्याशुभ्र असल्याने सहसा लपत नाहीत. पण खेळणाऱ्याच्या मुठीत असल्या तर दिसणारही नाहीत, म्हणून कवड्या न दिसणे हा पुरावा नव्हे. आजीच्या समोर बसलेल्या स्त्रीच्या गुडघ्याजवळ मात्र तीन फिकट काड्या पडलेल्या होत्या. त्या विणकामाच्या तुटक्या सुया असाव्यात असा घरातला समज होता. भिंगाखाली तिन्ही सारख्या लांबीच्या दिसल्या, बोटाएवढ्या, आणि कडा चौरस. सुई गोल असते. एकीच्या अंगावर दोन ठिपके स्पष्ट होते. दुसरीवर ठिपक्यांची गर्दी होती, पाच की सहा ते सांगता येईना. तिसरी पुसट होती.

चौरस, लांब आणि तीन, हे वर्णन चारशे वर्षांपूर्वी अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चौपडीविषयी दिले आहे : सोळा सोंगट्या, तीन फासे, आणि फाशांच्या चार लांब बाजूंवर एक, दोन, पाच व सहा ठिपके. लूडोचा फासा एकटा असतो आणि ठोकळ्यासारखा असतो. तेव्हा तीन लांब फासे दिसले की त्या क्षणी पटावर पचिशी नव्हे, सारीपाट चालू होता, असे म्हणावयास हरकत नाही. त्या क्षणी, हे मी जाणून म्हणतो. फासे बाजूस पडले होते, हातात नव्हते. खेळ नुकताच थांबला असेल किंवा छायाचित्रकाराने दोघींना नुसते बसवले असेल. हे त्या फोटोवरून कळावयाचे नाही.

राहिला प्रश्न घरंदाजपणाचा. आश्विन महिन्यात, पौर्णिमेच्या रात्री, लक्ष्मीची पूजा करून जागरण करावे आणि फासे खेळावेत, ही कोजागरीची जुनी रीत आपल्याकडे आहे तशी बंगालातही आहे. ते ऐकताच पिशीमा म्हणाल्या, “अरे, त्या दिवशी आई फाशांना चंदनसुद्धा लावीत असे.” हे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे पुतण्याने विचारले. “तू विचारलेस कुठे? तू लूडो लिहून मोकळा झालास.”

जाता जाता त्याच फोटोतील आणखी एका गोष्टीकडे लक्ष गेले. मागच्या पायरीवर दोन मुले खडूने आखलेल्या चौकटीवर खडे मांडून बसली होती. आडव्या-उभ्या पाच पाच रेघा आणि तिरप्या रेघा, म्हणजे छेदबिंदू 25. या आखणीवर वाघ-बकरीचे खेळही होतात आणि तिच्या दोन टोकांना त्रिकोण जोडले की मोगल-पठाण. त्रिकोण धरून बिंदू होतात 37, दोन्हीकडे सोळा सोळा खडे आणि सुरुवातीला मधले पाच बिंदू रिकामे. नेपाळात त्रिकोणाविना 25 बिंदूंवर चार वाघ व वीस बकऱ्या घेऊन हाच शिकारीचा खेळ खेळतात. बंगालात त्याला बाघबंदी म्हणतात आणि वाघांची संख्या गावागणिक बदलते. खडे दोन्हीकडे सारखे असतील तर लढाई, एकीकडे थोडे आणि ठसठशीत असतील तर शिकार, असा ढोबळ नियम. पण अर्ध्यावर आलेल्या लढाईतही खडे विषम होतात. म्हणून मारलेल्यांचा ढीग शेजारी आहे का हे पाहावे आणि थोड्या असलेल्या खड्यांचा आकार वेगळा आहे का हेही पाहावे. या फोटोत विटेचे दोन मोठे तुकडे आणि बरेच बारीक खडे दिसत होते, पण आखणीचे एक टोक मुलाच्या पायाखाली गेले होते. त्रिकोण आहे की नाही हे दिसत नव्हते. दोन मोठे तुकडे पाहून मी बाघबंदीकडे झुकलो. स्नेही मोगल-पठाणवर अडून बसले.

प्रदर्शनातील चिठ्ठीवर शेवटी ‘आजीमा पाशा खेळताना, आश्विन 1338’ असे लिहिले गेले. मुलांविषयी त्यांनी ‘मागे खेळणारी मुले’ एवढेच लिहिले, ते मला योग्य वाटले.