कात्रणातला चेहरा आणि ठिपक्यांची जाळी

आजोबांचा एकही फोटो घरात उरलेला नाही, पण त्यांच्या सत्काराची बातमी वर्तमानपत्रात आली होती आणि तिच्यासोबत छापलेला चेहरा कात्रणात जपलेला आहे, अशी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते कात्रण स्कॅन केलं की भलतंच काही समोर येतं. कागदावर नीट दिसणाऱ्या चेहऱ्याच्या गालांवर, कपाळावर, कोटाच्या खांद्यावर तिरके, वळणदार पट्टे उमटतात. या पट्ट्यांना मॉयरे म्हणतात. त्यात स्कॅनरचा बिघाड नसतो आणि कात्रणही खराब झालेलं नसतं. योग्य क्रमाने काम केलं तर पट्टे बव्हंशी टाळता येतात.

आधी ते येतात कुठून, हे पाहू. छापखान्यात काळी शाई असते, करडी नसते. करड्या छटेचा भास निर्माण करण्यासाठी चित्राचे बारीक ठिपके केले जातात. गडद भागात ते मोठे असतात, उजळ भागात लहान. ही हाफटोन पद्धत. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने 4 मार्च 1880 रोजी याच मार्गाने एका झोपडवस्तीचा फोटो छापला होता. वर्तमानपत्रात साधारणपणे एका इंचात ठिपक्यांच्या 85 ओळी असतात, मासिकाच्या गुळगुळीत कागदावर 133 ते 150. डीटीपीवाले याला ‘85 ची स्क्रीन’, ‘133 ची स्क्रीन’ म्हणतात.

स्कॅनरही चित्राचे तुकडेच करतो, पण त्याचे चौकोन वेगळ्या मापाचे असतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे दिसू लागतात, तसंच इथे घडतं. समजा ठिपक्यांच्या ओळी सरळ आहेत, इंचाला 85. आणि आपण 100 डीपीआयवर स्कॅन केलं. मग दोन्ही जाळ्यांचा मेळ इंचात 15 वेळा जमतो आणि 15 वेळा बिघडतो. म्हणजे कागदावर नसलेले 15 पट्टे फाइलमध्ये येतात. प्रत्यक्षात काळ्या छपाईच्या ओळी बहुधा 45 अंशांत तिरक्या असतात, त्यामुळे हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो, पण कारण तेच.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. फाइल लहान राहावी म्हणून लोक 100 किंवा 150 वर स्कॅन करतात आणि पट्टे दिसले की चित्र धूसर करत बसतात. पण हे पट्टे रुंद असतात, नाकपुडीएवढे, ओठांएवढे. ते पुसायला जावं तर नाक-ओठही पुसले जातात. म्हणून उलट करायचं: प्रत्येक ठिपका आधी नीट टिपायचा आणि मग ठिपके एकमेकांत मिसळवायचे.

पाच सेंटिमीटर रुंदीचं, कृष्णधवल कात्रण घेऊ. वर्तमानपत्राचा कागद पातळ असल्याने मागच्या पानाची अक्षरं चेहऱ्यात डोकावतात. त्यासाठी कात्रणाच्या पाठीमागे काळा कागद ठेवा. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ग्रेस्केल आणि 600 डीपीआय निवडा, चित्र आपोआप धारदार करण्याची सोय बंद करा आणि फाइल TIFF मध्ये साठवा. JPEG मध्ये फाइल दाबली जाते तेव्हा ठिपक्यांच्या कडांशी नवी घाण तयार होते.

आता गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा आणि ठिपके सुटे दिसेपर्यंत झूम करा. जवळच्या ठिपक्यांची एक तिरकी ओळ पकडून सलग दहा अंतरं मापपट्टीच्या टूलने मोजा. आपल्या कात्रणात ती सुमारे 70 पिक्सेल भरतील, म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर सात पिक्सेल. स्क्रीन कितीची आहे हे ठाऊक नसलं तरी या मोजणीने काम भागतं.

मग Filters > Blur > Gaussian Blur मध्ये या अंतराच्या निम्मं, म्हणजे 3.5, हे माप द्या. निम्म्याला ठिपक्यांची जाळी जवळपास नाहीशी होते. त्याहून फार कमी दिलं तर जाळी राहते आणि फार जास्त दिलं तर चेहरा विनाकारण विरघळतो. त्यानंतर Image > Scale Image मधून रुंदी एक तृतीयांश करा. सुमारे 1200 पिक्सेलचं चित्र 400 वर येईल. धूसर केल्यावर एवढ्याच पिक्सेलांत चित्रातला सगळा तपशील मावतो, त्यामुळे काही गमावलं जात नाही. शेवटी Sharpen (Unsharp Mask) हलक्या हाताने लावा, त्रिज्या 1 च्या आसपास. जाळी पुन्हा डोकावू लागली तर धार जास्त झाली, असं समजा.

निकाल तपासताना चित्र 100 टक्के झूमवर पाहा. 600 डीपीआयचं मूळ स्कॅन पडद्यावर लहान करून पाहिलं की पडद्याच्या पिक्सेलांशी ठिपक्यांची गाठ पडून पट्टे दिसतात. ते फाइलमध्ये नसतात, त्यामुळे घाबरून पुन्हा स्कॅन करू नका.

रंगीत मासिकाचं कात्रण असेल तर चार शाईंच्या चार जाळ्या वेगवेगळ्या कोनांत असतात. रीत तीच, पण 133 च्या स्क्रीनला 600 डीपीआयवर ठिपक्यांमधलं अंतर साडेचार पिक्सेल येतं, म्हणून माप सव्वादोनच्या आसपास ठेवा. बऱ्याच स्कॅनरमध्ये ‘डी-स्क्रीनिंग’ची सोय असते आणि त्यात वर्तमानपत्र किंवा मासिक असा पर्याय निवडता येतो. घाईच्या कामाला ती पुरेशी आहे. पण त्यात किती धूसर करायचं ते यंत्र ठरवतं.

धूसर केल्याने डोळ्यांची धार फारच गेली, तर आणखी एक वाट आहे. इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये मूळ स्कॅन उघडून Process > FFT > FFT निवडा. चित्रातल्या नियमित पुनरावृत्ती तिथे वेगळ्या ठिपक्यांसारख्या चमकतात. हाफटोनच्या जाळीचे असे ठिपके मध्यापासून दूर, समोरासमोर जोड्यांनी दिसतात. ते काळ्या रंगाने भरा आणि Inverse FFT करा. जाळी जाते आणि तपशील जास्त टिकतो. मधला तेजस्वी भाग मात्र झाकू नका, चित्राच्या मूळ छटा तिथेच असतात. आणि कागद चुरगळलेला असेल तर जाळी वाकडीतिकडी होते, ठिपके पसरतात आणि ही युक्ती अर्धवटच चालते.

कितीही कौशल्य असलं तरी एक मर्यादा ओलांडता येत नाही. या कात्रणात डोळा पाच मिलिमीटरचा असेल, तर त्याच्या रुंदीत साधारण सतराच ठिपके बसतात. पापण्यांचे केस त्यात छापलेलेच नाहीत, मग ते स्कॅनमध्ये यायचे कुठून? हे चित्र दुप्पट मोठं, दहा सेंटिमीटर रुंद करून छापलं तर हातभर अंतरावरून चांगलं दिसेल. भिंतभर फोटो मात्र त्यातून निघणार नाही. म्हणून वापराची प्रत वेगळी तयार करा, आणि 600 डीपीआयचं ठिपक्यांसकटचं मूळ स्कॅन व कात्रण दोन्ही जपून ठेवा. उद्या याहून चांगली रीत हाती आली तर काम पुन्हा तिथूनच सुरू करावं लागेल.