बॅटरी गेली, पण कोणती?

इअरबड घेऊन दुकानात येणारे बहुतेक जण एवढंच सांगतात, "बॅटरी गेली." पण एका जोडीत बॅटऱ्या तीन असतात. दोन बडांमध्ये एकेक आणि तिसरी डबीत. दुरुस्ती करायची, नवी जोडी घ्यायची की ई-कचऱ्यात द्यायची, हे यातली कोणती गेली त्यावर ठरतं.

चिंचवड स्टेशनजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या गाळ्यात मी हे काम जवळून पाहिलं. चाकणच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी जोडी घेऊन आली होती. कंपनीच्या बसमध्ये गाणी ऐकताना उजवा बड चार तास चालतो, डावा मात्र चाळीस मिनिटांत बंद पडतो, अशी तिची तक्रार होती. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी लगेच काही उघडलं नाही. आयसोप्रोपाईल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्यांनी बडाचे आणि डबीचे चार्जिंगचे ठिपके पुसले. घाम आणि कानातला मळ तिथे साचला की बड डबीत असूनही चार्ज होत नाही आणि दोष विनाकारण बॅटरीवर येतो. मग त्यांनी सांगितलं, "ताई, रात्रभर डबीत ठेवा. सकाळी दोन्ही शंभर टक्के दिसले की एकाच आवाजावर एकदम लावा आणि वेळ बघा."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. डावा शंभर टक्के दाखवून पुन्हा तेवढ्याच वेळात बंद पडला होता. म्हणजे चार्ज नीट पोहोचत होता, पण सेलमध्ये तो टिकत नव्हता. दोन्ही बड भराभर उतरून डबीत पुन्हा भरलेच गेले नसते, तर दोष डबीच्या बॅटरीकडे गेला असता. ती बदलणं बहुतेक वेळा सोपं असतं, कारण डबीतली बॅटरी मोठी असते आणि हाताला जागा मिळते.

बड उघडणं हे खरं अवघड. दोन्ही अर्धे गोंदाने चिकटवलेले असतात. दादांनी सांधा हलकासा गरम केला, पण बेताने, कारण आतला लिथियम सेल उष्णतेने बिघडतो. मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवली. धातूचं पातं घसरून सेलला भोक पडलं तर आगही लागू शकते. आत बारा मिलिमीटर व्यासाचा नाण्यासारखा सेल होता. त्यांनी मीटर लावला, तर आकडा आला 3.9 व्होल्ट. मला वाटलं, सेल तर चांगला आहे! त्यांनी सेलच्या दोन टोकांना शंभर ओहमचा रेझिस्टर जोडला आणि आकडा 3.1 वर कोसळला. नव्या सेलवर हाच आकडा जेमतेम हलला. म्हातारा सेल मोकळा असताना ठणठणीत दिसतो, वीज मागितली की बसतो, कारण त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. बड सत्तर टक्क्यांवरून अचानक बंद का होतो, याचंही उत्तर यातच आहे.

नवा सेल घेताना फक्त माप जुळून भागत नाही. काही सेल 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज होतात, काही 4.35 पर्यंत. जास्त व्होल्टच्या सर्किटवर कमीचा सेल बसवला तर तो रोज गरजेपेक्षा जास्त चार्ज होत राहतो. शिवाय टोकांना पट्ट्या लावलेलाच सेल लागतो, कारण सेलवर थेट डाग दिला तर तो तिथेच खराब होऊ शकतो. दादांनी सहाशे रुपये सांगितले, तेही फक्त डाव्यासाठी. उजवा चार तास चालतोय, त्याला हात लावायचं कारण नव्हतं. जोडी चार हजारांची होती, म्हणून सौदा योग्य होता. पण त्यांनी आधीच बजावलं, "पुन्हा चिकटवल्यावर घाम-पाण्याची खात्री नाही देणार." माझ्या मते ही सूचना न देणाऱ्याकडे काम देऊच नये.

त्याच दिवशी एक मुलगा नऊशे रुपयांची जोडी घेऊन आला. त्याच्या बडाचा सांधा फुगून फाकला होता आणि बड डबीत नीट बसत नव्हता. दादांनी उघडायला साफ नकार दिला. फुगलेला सेल दाबायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. कवच वितळवून जोडलेलं असल्यामुळे सेल काढताना तो चिरडण्याचीच शक्यता जास्त, आणि सेलची किंमत व मजुरी धरली तर नवी जोडी परवडते.

अशी जोडी मात्र घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेल्यावर लिथियम सेल पेट घेऊ शकतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे बॅटरी घरगुती कचऱ्यापासून वेगळी देणं हे ग्राहकाचं काम आहे. चार्जिंगच्या ठिपक्यांवर चिकटपट्टी लावायची आणि ई-कचरा संकलनात जोडी देताना आत फुगलेला सेल आहे हे सांगायचं. एका बडातल्या सेलमध्ये लिथियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम असतं, पण चिकटवलेल्या कवचातून तो बाहेर काढायला मेहनत बरीच लागते. त्यामुळे पुनर्वापर करणाऱ्यांना या वस्तूत फारसं काही उरत नाही. म्हणूनच चालू शकणारा बड आधी दुरुस्त व्हावा, असं मला ठामपणे वाटतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता येतील अशाच हव्यात. आपल्याकडे तसा नियम आला, तर दादांना बड गरम करत बसावं लागणार नाही.