‘राहणं फुकट आहे, मग कळवायचं कशाला?’

समजा, शासकीय महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेचा शोधनिबंध बर्लिनच्या परिषदेत स्वीकारला गेला. विमानभाडं एका भारतीय अनुदान योजनेतून मिळणार, चार रात्री राहण्या-जेवणाची सोय तिथले आयोजक करणार, नोंदणी शुल्क आणि व्हिसाचा खर्च तिच्या खिशातून. पासपोर्टची ना-हरकत आहेच, आता रजेचा अर्ज दिला की झालं, असा सल्ला स्टाफरूममध्ये हमखास मिळतो. पण ती ना-हरकत पासपोर्टपुरती असते. या प्रवासाची परवानगी वेगळी मागावी लागते आणि तो प्रस्ताव प्राचार्यांमार्फत वर जातो.

खरी गफलत होते ती आयोजकांच्या सोयीबद्दल. हातात पैसे आले नाहीत, मग ‘मदत’ कसली, असं वाटतं. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 मात्र तसं मानत नाही. परदेशी स्रोताने प्रवासखर्च दिला किंवा फुकट निवास-भोजन दिलं, तरी ते परकीय आदरातिथ्यच. कलम 6 नुसार सरकारी कर्मचाऱ्याला ते स्वीकारण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. त्यासाठी गृह मंत्रालयाकडे एफसी-2 हा अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत निमंत्रणपत्र जोडायचं. प्रवासाच्या साधारण दोन आठवडे आधी तो पोचावा, असा नियम आहे. विभागाची मंजुरी मिळाली म्हणून हा अर्ज टळत नाही. म्हणून मूळ प्रस्तावातच कोणता खर्च कोण करणार, हे बाबवार लिहिलेलं बरं. ‘अंशतः अर्थसाहाय्य’ एवढंच मोघम लिहिलं की फाइल शेरा मारून परत येते आणि दोन आठवडे तिथेच जातात.

दुसरा समज रजेचा: बाहेरून पैसे घेतले की कर्तव्यरजा मिळत नाही, अर्जित रजाच टाकावी लागते. यूजीसीच्या 2018च्या विनियमांत परिषदेसाठी कर्तव्यरजेची तरतूद आहे. शैक्षणिक वर्षात कमाल 30 दिवस, तीही पूर्ण वेतनी. मदत नेहमीच्या खर्चाच्या गरजेपेक्षा जास्त असेल, तरच कमी वेतनावर रजा देता येते. आपल्या उदाहरणात भाडं आणि निवास एवढंच मिळतंय, शिवाय पदरचे पैसे जातायत. तेव्हा वेतनकपातीला आधारच नाही. मात्र 30 दिवस हा हक्क नव्हे. किती दिवस आवश्यक, ते मंजुरी देणारा अधिकारी ठरवतो.

परिषद गुरुवारी संपली आणि पुढचे तीन दिवस प्राग बघायचं असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. कर्तव्यरजेला अर्जित रजा जोडता येते. फक्त त्या तारखा अर्जात वेगळ्या दाखवायच्या, आणि परतीचं तिकीट त्यामुळे महागलं तर तो फरक अनुदानात धरायचा नाही.