‘फोनमध्ये ५ व्हायरस सापडले’ : ही सूचना पाठवतं कोण?

गैरसमज : फोनच सांगतोय, म्हणजे व्हायरस असणारच.

फोन असं काही सांगत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममधून वेबसाइटना सूचना पाठवण्याची सोय २०१५पासून आहे. एकदा परवानगी मिळाली की सूचनेचं शीर्षक, मजकूर, चित्र हे सगळं ती वेबसाइट ठरवते. त्यामुळे लाल त्रिकोण, नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चिन्ह, ‘ताबडतोब साफ करा’ असा दम, काहीही दाखवता येतं. फोनमधल्या फायली चाळून व्हायरस शोधण्याची मुभा मात्र ब्राउझर कुठल्याच वेबसाइटला देत नाही. मग तिला ते ५ व्हायरस दिसले कुठून?

एक गोष्ट तिला झाकता येत नाही, ती म्हणजे स्वतःचा पत्ता. बारीक अक्षरांत क्रोमच्या नावाशेजारी तो असतो. दिसला नाही तर सूचनेवर बोट ठेवून ती खाली ओढा, म्हणजे मोठी होईल. अँटिव्हायरस कंपनीच्या नावाखाली भलताच, अर्थहीन अक्षरांचा पत्ता दिसला की पाठवणारा कळला. सूचना नसून जाहिरातच पूर्ण स्क्रीनभर, दुसऱ्या ॲपवर येऊन बसत असेल, तर मात्र संशय एखाद्या ॲपवर घ्यावा. तो वेगळा रोग.

गैरसमज : मी परवानगी दिलीच नव्हती.

दिलेली असते, पण परवानगी म्हणून नाही. फुकट क्रिकेट सामना दाखवणाऱ्या एखाद्या पानाचं उदाहरण घ्या. सामना सुरू होण्याआधी मध्येच एक चौकोन येतो : ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा.’ खऱ्या तपासणीत चित्रं ओळखायला सांगतात किंवा पानावरच्या चौकटीत खूण करायला सांगतात. ब्राउझरच्या परवानगीच्या खिडकीतलं Allow दाबायला कधीच सांगत नाहीत. इथे ते बटण दाबलं की वेबसाइटला सूचनांचा परवाना मिळतो. आणि Block दाबलं तरी सुटका होईलच असं नाही. परवानगी प्रत्येक पत्त्याला वेगळी असते. म्हणून असली पानं लगेच थोड्या निराळ्या पत्त्यावर नेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी वैतागून माणूस Allow दाबतो, आणि त्यांना तेच हवं असतं.

गैरसमज : ब्राउझर बंद केला, हिस्ट्री पुसली, अनोळखी ॲपही नाही, आता काय राहिलं?

राहिली ती परवानगी. हिस्ट्री पुसली तरी ती जात नाही आणि पान बंद असतानाही सूचना येत राहतात. ॲपच्या यादीत काही सापडत नाही, कारण पाठवणारं ॲप तुमचं रोजचं क्रोमच असतं. अँटिव्हायरसलाही पकडायला काही मिळत नाही.

शोधायची जागा क्रोममध्ये आहे : वरचे तीन ठिपके, Settings, मग Site settings आणि त्यात Notifications. परवानगी मिळालेल्या पत्त्यांची यादी तिथे दिसते. वरच्या सामन्याच्या उदाहरणात तिथे वर्तमानपत्र आणि ईमेल यांच्या शेजारी एकाच नावाचे, पुढे फक्त एखादं अक्षर बदललेले तीन-चार पत्ते सापडतील. एक काढून थांबू नका. प्रत्येकावर जाऊन परवानगी बंद करा. फोनमध्ये दुसरा ब्राउझर असेल तर त्याची यादी वेगळी असते, तीही उघडावी लागते. आयफोनवर हा त्रास कमी, कारण तिथे होम स्क्रीनवर मुद्दाम ठेवलेल्या वेबसाइटलाच सूचना पाठवता येतात, आणि तेही २०२३मधल्या १६.४ आवृत्तीपासून.

गैरसमज : ॲपच्या सूचना बंद केल्या तर बँकेचा ओटीपी येणार नाही.

एसएमएसने येणारा ओटीपी मेसेजच्या ॲपमध्ये येतो. खरेदीच्या ॲपचं तोंड बंद केल्याने तो अडत नाही. शिवाय सगळं बंद करायची गरजही नसते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या सूचनांची यादी उघडा. बऱ्याच फोनांत ती ‘नुकत्याच आलेल्या’ या क्रमाने लावता येते, त्यामुळे गोंगाट करणारे वर येतात. एकेका ॲपच्या आत सूचनांचे प्रकार दिसतात. जाहिरातींचा प्रकार बंद करून ‘ऑर्डर कुठवर आली’ हा चालू ठेवता येतो. ॲप बनवणाऱ्याने दोन्ही एकाच प्रकारात कोंबले असतील तर मात्र इलाज नाही. अँड्रॉइड १३पासून नव्या ॲपला आधी विचारावं लागतं. जुन्या फोनवर ही आवृत्ती नंतर आली असेल, तर आधीपासून असलेल्या ॲपच्या परवानग्या बहुधा तशाच चालू राहिलेल्या असतात. त्यामुळे तपासणी जुन्या ॲपपासून सुरू करावी.

परवानगी काढल्याने पुढच्या सूचना थांबतात, आधी झालेलं मागे फिरत नाही. व्हायरसच्या खोट्या सूचनेवरून एखादं ‘क्लीनर’ ॲप घेतलं असेल तर ते वेगळं काढावं लागेल. कार्डाचा नंबर भरला असेल तर बँकेला कळवून कार्ड बंद करा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.