गाठ काढली, मग पोटॅशियम वाढलं कसं?

ज्या माणसाचं पोटॅशियम वर्षानुवर्षं कमी पडत होतं, ज्याला रोज पोटॅशियमचं औषध प्यावं लागत होतं, त्यालाच ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी पोटॅशियम वाढलं म्हणून दवाखान्यात दाखल करावं लागतं. घरच्यांना वाटतं, रिपोर्ट कुणा दुसऱ्याचाच आला असावा. पण अल्डोस्टेरॉन तयार करणाऱ्या गाठीचं ऑपरेशन झालेल्यांपैकी काहींच्या बाबतीत हे खरोखर घडतं.

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारं अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, की मीठ राखून ठेव आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाक. एका ग्रंथीत छोटी, कॅन्सर नसलेली गाठ होऊन हे संप्रेरक बेसुमार सुटू लागलं, की अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरमध्ये डॉ. जेरोम कॉन यांनी १९५४ मध्ये अशा एका ३४ वर्षांच्या बाईचा कसून अभ्यास केला. ऑपरेशनमध्ये गाठ सापडली, ती काढल्यावर बाई बऱ्या झाल्या आणि आजाराला कॉन यांचं नाव मिळालं. गाठ काढली की प्रश्न मिटला, ही समजूतही बहुधा तेव्हापासूनची.

आता एक नमुन्यादाखल रुग्ण घेऊ. वय ५४, बीपी १४ वर्षांपासून. तीन गोळ्या घेऊनही बीपी १६०/१००. पोटॅशियम २.९, म्हणजे साधारण ३.५ या खालच्या मर्यादेपेक्षा बरंच कमी. क्रिएटिनिन १.२, म्हणून किडनी ठीकच आहे असा सगळ्यांचा समज. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीत दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधून रक्त घेऊन तपासलं, तेव्हा सगळा उपद्रव डावीकडचाच निघाला. उजवी ग्रंथी जवळजवळ गप्प होती. हे ‘गप्प’ असणं लक्षात ठेवा.

दुर्बिणीतून डावी ग्रंथी काढली. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ३.९. सगळे खूश. गृहस्थ घरी गेले ते नेहमीच्या सवयी घेऊन: मीठ जवळपास बंद, त्यातही ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ, अशक्तपणावर रोज शहाळ्याचं पाणी आणि जुन्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन चालूच. तिसऱ्या आठवड्यात पाय जड झाले, छातीत धडधडू लागलं. तपासणीत पोटॅशियम ६.१ आणि क्रिएटिनिन १.६.

यामागे दोन कारणं एकावर एक येतात. पहिलं कारण रेनिनचं. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी रेनिन सोडते आणि त्याच्या साखळीतूनच निरोगी अ‍ॅड्रिनलला अल्डोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम जातो. पण गाठीमुळे अंगात वर्षानुवर्षं मीठ-पाणी भरपूर असतं, त्यामुळे किडनी रेनिन सोडणंच थांबवते. हुकूम नाही म्हणून दुसऱ्या बाजूची ग्रंथीही सुस्तावते. घरात एकच भाऊ सगळी शेती ओढत असला की धाकट्याची कामाची सवय सुटते, तसंच. ऑपरेशननंतर गाठीचं अल्डोस्टेरॉन काही तासांत संपतं, पण रेनिनला जाग यायला आणि ग्रंथी पुन्हा कामाला लागायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मधल्या काळात पोटॅशियम बाहेर टाकायला सांगणारंच कुणी नसतं. एरवी वाढलेलं पोटॅशियमही ग्रंथीला डिवचतं, पण सुस्तावलेली ग्रंथी त्यालाही पुरेशी दाद देत नाही.

दुसरं कारण किडनीचं. जादा अल्डोस्टेरॉनच्या काळात किडनी दाबाखाली गरजेपेक्षा जास्त रक्त गाळत असते. त्यामुळे आतून झिजलेली असली तरी क्रिएटिनिन चांगलं दिसतं. गाठ गेली, दाब उतरला, की खरी परिस्थिती उघडी पडते. आपल्या रुग्णाचं १.२ वरून १.६ होणं हे बहुतेक ऑपरेशनमुळे झालेलं नुकसान नाही, आधीपासून झाकलेलं नुकसान आहे. जर्मनीतल्या ११० रुग्णांच्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर सुमारे १६ टक्के जणांचं पोटॅशियम वाढलेलं आढळलं. बहुतेकांचं कालांतराने उतरलं, थोड्यांचं वाढलेलंच राहिलं. वय जास्त, बीपी जुनं आणि किडनी आधीच कमकुवत असलेल्यांना हा धोका अधिक.

आपल्या रुग्णाचा ईसीजी ताबडतोब काढला. त्यात उंच, टोकदार लाटा दिसल्या, म्हणजे प्रकरण हृदयापर्यंत पोचलं होतं. (असा ईसीजी नसेल तर आधी रक्त पुन्हा तपासतात, कारण नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटाच वाढतो.) हृदयाच्या संरक्षणासाठी शिरेतून कॅल्शियम आणि पोटॅशियम उतरवण्यासाठी ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिलं. टेल्मिसार्टन थांबवलं, कारण ते उरलंसुरलं अल्डोस्टेरॉनही दाबतं. शहाळं आणि ‘ते’ मीठ बंद केलं, कारण त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि चौदा वर्षं मीठ टाळणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी साधं मीठ नीट खायला सांगितलं. सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची रोज ०.१ मिलिग्रॅमची गोळी दिली. ती अल्डोस्टेरॉनचंच काम करते. ज्या संप्रेरकाच्या अतिरेकासाठी ग्रंथी काढली, त्याचंच काम करणारं औषध काही महिने घ्यायचं, हे नातेवाइकांना समजावताना डॉक्टरांची तारांबळ उडते. चार महिन्यांत गोळी कमी करत बंद झाली.

मग हे गृहस्थ बरे झाले का? याचं उत्तर दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवर द्यावं लागतं आणि तेही सहा ते बारा महिन्यांनी. रक्ताच्या मोजपट्टीवर पोटॅशियम औषधाशिवाय सामान्य असावं आणि अल्डोस्टेरॉन-रेनिन यांचं गुणोत्तरही सामान्य व्हावं. घाई केली तर रेनिन अजून झोपलेलंच असतं आणि गुणोत्तर फसवू शकतं. बीपीच्या मोजपट्टीवर गोळ्यांशिवाय बीपी सामान्य असेल तर पूर्ण यश. गोळ्या कमी झाल्या, किंवा तेवढ्याच गोळ्यांत बीपी उतरलं, तर अंशतः यश. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे निकष ठरले. त्यातल्या ७०५ रुग्णांपैकी रक्ताच्या निकषावर ९४ टक्के पूर्ण बरे झाले, पण बीपीच्या निकषावर फक्त ३७ टक्के. आणखी ४७ टक्के अंशतः.

एवढी तफावत असते, कारण वर्षानुवर्षांच्या दाबाने रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, किडनी झिजलेली असते, आणि काहींना गाठीशिवायही बीपी झालंच असतं. तरुण वय, स्त्री असणं, वजन आटोक्यात, बीपी थोड्याच वर्षांचं आणि गोळ्या एक-दोनच, अशांना पूर्ण सुटका मिळण्याची शक्यता जास्त. आपल्या रुग्णाच्या बाजूने यातलं फारसं काही नव्हतं. सहा महिन्यांनी त्यांचं पोटॅशियम ४.४, गुणोत्तर सामान्य, आणि एका गोळीवर बीपी १३४/८४. गाठीचा आजार पूर्ण गेला, बीपी अंशतः सुधारलं. माझ्या मते याला अपयश म्हणणं चूकच, पण ऑपरेशनआधी ‘सगळ्या गोळ्या सुटतील’ असं सांगणं त्याहून मोठी चूक.

हे ऑपरेशन होणार असेल, तर ऑपरेशनपूर्वीचं पोटॅशियमचं औषध आणि स्पायरोनोलॅक्टोन कधी थांबवायचं, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. डिस्चार्जनंतर पहिले चार आठवडे दर आठवड्याला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, आणि तोवर कमी सोडियमचं मीठ आणि दुकानातून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी, दोन्ही घरात ठेवू नका.