पुढचा हप्ता आलाच नाही तर?

अमेरिकेच्या हवाई दलाने २००४ साली आपला रसद-पुरवठ्याचा कारभार एकाच ईआरपी प्रणालीवर आणायला घेतला. सुमारे २४० जुनी सॉफ्टवेअर्स त्यामुळे बंद होणार होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, तोवर एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला होता. आणखी १.१ अब्ज डॉलर घातले असते, तरी ठरवलेल्या कामाच्या जेमतेम चौथाई काम हाती आलं असतं, तेही २०२० मध्ये. सिनेटच्या चौकशी उपसमितीने २०१४च्या अहवालात ठेवलेला एक मोठा ठपका असा: आज आपल्याकडे काय आहे, शेवटी काय हवं आणि मधला रस्ता कोणता, याची नीट समजच नव्हती.

मधला रस्ता सर्वांत दुर्लक्षित राहतो. आजचा नकाशा कसाबसा तयार होतो, अंतिम नकाशा तर सादरीकरणात सुरेखच दिसतो. पण पैसा एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मंजूर होतो. दोन टप्प्यांच्या मधे कंपनीचं कामकाज ज्या अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या रचनेवर चालतं, तिला या क्षेत्रात ‘ट्रान्झिशन आर्किटेक्चर’ म्हणतात. तिचाही अंतिम नकाशाइतकाच बारकाईने आराखडा लागतो, कारण लोकांना तिच्यात वर्ष-दोन वर्षं काढायची असतात.

समजा, चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. हिशेब टॅलीत, गोदाम आणि खरेदी एका जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रॅमवर, उत्पादनाचं नियोजन एक्सेलमध्ये. अंतिम चित्रात हे तिन्ही ईआरपीत जाणार आहे, पगाराचं सॉफ्टवेअर मात्र बाहेरच राहणार आहे. काय ईआरपीत आणायचं नाही, हेही त्या चित्रात स्पष्ट लिहावं लागतं.

पहिल्या टप्प्यात १ एप्रिलपासून हिशेब ईआरपीवर गेला, गोदाम अजून जुन्याच प्रोग्रॅमवर आहे. आता माल येतो एका प्रणालीत आणि पुरवठादाराचं बिल चढतं दुसरीत. म्हणून रोज रात्री आलेल्या मालाची रक्कम ईआरपीतल्या एका तात्पुरत्या खात्यात जमा होते आणि बिल आलं की तिथून वजा होते. महिनाअखेरीस या खात्यातली शिल्लक आणि जुन्या प्रोग्रॅममधली ‘माल आला, बिल बाकी’ ही यादी जुळलीच पाहिजे. फरक दर महिन्याला वाढत असेल, तर या जोडणीतून नोंदी गळताहेत किंवा दुबार पडताहेत. अशा वेळी पुढचा टप्पा सुरू करू नये. आधी ही गळती शोधावी.

दुसरा प्रश्न मालकीचा. पुरवठादारांची यादी दोन्हीकडे लागते. ती दोन्हीकडे बदलता आली, तर काही महिन्यांत एकाच पुरवठादाराची दोन खाती होतात आणि एकच बिल दोनदा चुकतं केलं जाण्याची वाट मोकळी होते. म्हणून नवा पुरवठादार फक्त ईआरपीत उघडायचा, जुन्या प्रोग्रॅमला त्याची प्रत मिळेल, असं या टप्प्यापुरतं ठरवून टाकायचं. वस्तूंच्या यादीची मालकी मात्र अजून गोदामाकडेच. प्रत्येक टप्प्यासाठी असा मालकीचा तक्ता हवा.

दुसऱ्या टप्प्यात गोदाम आणि खरेदी हलते. इथे वेळ खातो तो वस्तूंचा सांकेतिक क्रमांक. ६२०५ बेअरिंग जुन्या यादीत तीन नावांनी सापडतं. तिन्ही एकच समजून एकत्र करावीत, तर त्यातलं एक रबरी सीलचं निघतं आणि एक पत्र्याच्या झाकणाचं. मापं सारखी असली, तरी दोन्हींचा वापर वेगळा. हे संगणकवाल्यांना उमगत नाही, ते ठरवायला गोदामातला जाणकार माणूसच बसवावा लागतो. त्याच्या वेळेची तरतूद अंदाजपत्रकात सहसा नसते, आणि माझ्या मते ही या प्रकल्पांमधली सर्वांत महागडी काटकसर आहे.

गोदाम हलल्यावर रात्रीची ती जोडणी आणि तात्पुरतं खातं बंद करायचं असतं. हे काढून टाकण्याचे पैसे त्याच टप्प्यात धरले नाहीत, तर ते काम पुढे ढकललं जातं. जुना प्रोग्रॅम ‘फक्त बघण्यापुरता’ म्हणून चालू राहतो, कुणीतरी त्यात नोंदीही करत राहतं आणि कंपनी दोन्ही प्रणालींचा खर्च भरते. जुन्या प्रोग्रॅममध्ये शेवटची नवी नोंद कधी झाली, ती तारीख पाहिली की खरी परिस्थिती कळते.

तिसरा टप्पा उत्पादन नियोजनाचा. मंदी आली, मागणी घटली की पहिली कात्री इथेच लागते. म्हणून मंजुरीच्या बैठकीत बसणाऱ्यांनी प्रत्येक हप्त्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: या टप्प्यात कोणती जुनी प्रणाली कोणत्या तारखेला बंद होणार, आणि पुढचा पैसा कधीच आला नाही, तर याच रचनेवर कारखाना नीट चालेल का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर टप्पा चुकीच्या जागी तोडला आहे. तो मंजूर करू नका, नव्याने आखायला लावा.